वॉर्डच्या कचऱ्याचा मासिक फलक : एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये, पहिल्या नोंदीपासून प्रिंटपर्यंत

जुलैचा तक्ता छापून साहेबांच्या टेबलावर ठेवला तेव्हा मी मनातून खूश होते. जूनमध्ये वॉर्डात रोज 3.59 टन कचरा उचलला गेला होता, जुलैत 2.91. जवळजवळ एकोणीस टक्क्यांची घट. साहेबही खूश झाले. बाहेर व्हरांड्यात मुकादम चहा पीत होते, त्यांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "ताई, कचरा कुठला कमी झाला? काटा बंद होता की हो आठ दिवस."

आमच्या सीमाभागातल्या गावांत, मग ती निपाणी असो, संकेश्वर असो की खानापूर, जुलैत कचरा कमी होत नाही. पाऊस लागला की ओला कचरा पाणी पिऊन बसतो आणि वजन वाढतं. आठ दिवस वजनच झालं नव्हतं, आणि माझ्या सूत्राने ते दिवस शून्य धरले होते. ही चूक धरूनच हा फलक, म्हणजे साहेबांपुढे ठेवायचं महिन्याचं एक पान, कसा बांधायचा ते सांगते. पुढचे आकडे समजावण्यासाठी सोपे करून घेतले आहेत. 2,400 घरं, तीन ऑटो टिप्पर आणि दिवसाला आठ फेऱ्या असलेला एक वॉर्ड डोळ्यांसमोर ठेवा.

फलकावर काय ठेवायचं

चारच गोष्टी. रोज सरासरी किती टन कचरा उचलला, झालेल्या फेऱ्यांपैकी किती फेऱ्यांचं वजन झालं, पाहणी केलेल्या घरांपैकी किती घरं ओला-सुका वेगळा देतात, आणि आलेल्या तक्रारींपैकी किती दोन दिवसांत मिटल्या. मी सुरुवातीला चौदा आकडे टाकले होते. साहेब पहिले तीन बघायचे आणि कागद उलटा ठेवायचे. एखादा आकडा वर-खाली झाला तर सोमवारी कुणाला काय सांगायचं, हे ठरत नसेल तर तो फलकावर नको, मागच्या शीटमध्ये राहू दे.

दुसरा आकडा, म्हणजे वजन झालेल्या फेऱ्या, बहुतेक तक्त्यांत नसतोच. माझ्या मते तोच सगळ्यात आधी बघायला हवा, कारण पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे तो सांगतो.

पहिली पायरी : नोंदीची शीट

फाइलमध्ये चार शीट करा आणि त्यांना इंग्रजी अक्षरांत नावं द्या: `Nond`, `Pahani`, `Mahina`, `Fallak`. लक्ष्यांसाठी पाचवी `Lakshya`. मराठी नावं चालतात, पण आपल्याकडच्या कार्यालयात एकाच संगणकावर सकाळी कन्नड आणि दुपारी मराठी टाइप होतं. जुन्या नुडी फॉन्टमध्ये लिहिलेला कन्नड मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. सूत्रात जे नाव येतं ते कुठल्याही कळफलकावर सारखंच टाइप व्हायला हवं.

`Nond` मध्ये एका फेरीला एक ओळ. वजन झालं असो वा नसो, फेरी झाली की ओळ पडलीच पाहिजे. म्हणून ही शीट काट्याच्या पावत्यांवरून भरू नका, मुकादमाच्या वहीवरून भरा आणि पावती समोर ठेवून वजन लिहा. पावत्यांवरून भरलं की वजन न झालेल्या फेऱ्या कायमच्या गायब होतात. माझं जुलैत नेमकं तेच झालं होतं.

स्तंभ असे: A तारीख, B वॉर्ड क्रमांक, C गाडीचा नंबर, D प्रकार, E भरलेल्या गाडीचं वजन, F रिकाम्या गाडीचं वजन, G निव्वळ वजन, H पावती क्रमांक, I शेरा. वॉर्डाचं नाव लिहू नका, नुसता क्रमांक लिहा. एकाच गल्लीचं नाव मराठीत, कन्नडात आणि इंग्रजीत तीन तऱ्हेने लिहिलं जातं, आणि शीटला ते तीन वेगळे वॉर्ड वाटतात. प्रकारासाठी `OLA`, `SUKA` आणि `MIX` हे तीनच शब्द ठेवा आणि D स्तंभाला यादीतून निवडायची सोय लावा. एक्सेलमध्ये ती `Data > Data Validation` मध्ये सापडते, गूगल शीटमध्येही `Data` मेनूतच आहे. मात्र दुसरीकडून ओळी उचलून पेस्ट केल्या की ही सोय पुसली जाते. त्यामुळे महिन्यातून एकदा D स्तंभाला फिल्टर लावून तिन्हींपेक्षा वेगळं काही आलंय का ते बघा.

G मध्ये हे सूत्र घाला आणि खाली ओढा:

```
=IF(AND(E2="",F2=""),"",IF(COUNT(E2:F2)<2,"TAPASA",IF(E2>F2,E2-F2,"TAPASA")))
```

दोन्ही वजनं रिकामी असतील तर ती वजन न झालेली फेरी, तिथे काही लिहिलं जात नाही. एकच वजन असेल, किंवा रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जड निघाली, तर `TAPASA` असं येतं. हा शब्द दिसला की पावती काढायची.

एका गोष्टीवर थोडं थांबते, कारण यात माझे दोन महिने गेले. आपली पोरं कधी मराठी अंक टाकतात, कधी कन्नड. ११५० असं टाइप केलं की आपल्याला तो अकराशे पन्नास दिसतो, पण माझ्या संगणकावर शीट त्याला मजकूर समजली आणि बेरजेतून गुपचूप गाळलं. चूक झाल्याची सूचना येत नाही, बेरीज फक्त थोडी कमी येते. ओळखायची खूण अशी की खरा आकडा कोठ्यात उजवीकडे चिकटतो आणि मजकूर डावीकडे. म्हणून वजनाचे स्तंभ मध्यभागी लावून सुंदर करू नका, ती खूण मोडते. वरच्या सूत्रातला `COUNT` फक्त खरे आकडे मोजतो, त्यामुळे अशी ओळही `TAPASA` मध्ये येते.

तारखेचंही तसंच. संगणक अमेरिकन पद्धतीवर असेल तर 05/07/2025 ही 5 जुलै न राहता 7 मे होते, आणि 13/07/2025 तारीखच राहत नाही, मजकूर होतो. गूगल शीटमध्ये `File > Settings > Locale` मध्ये भारत निवडा. एक्सेल विंडोजच्या रीजन सेटिंगवर चालतं, ते तिथे बदला. हे नोंदी भरायच्या आधी करा, कारण चुकीच्या वाचल्या गेलेल्या तारखा नंतर आपोआप सुलट होत नाहीत. तपासायला एका कोपऱ्यात हे दोन सूत्र ठेवा. दोन्हींचं उत्तर शून्य असायला हवं:

```
=COUNTA(Nond!A2:A5000)-COUNT(Nond!A2:A5000)
=COUNTIF(Nond!G2:G5000,"TAPASA")
```

पहिलं सूत्र मजकूर झालेल्या तारखा पकडतं. मे झालेला जुलै मात्र त्याला सापडत नाही. त्यासाठी A स्तंभाला फिल्टर लावून महिन्यांची यादी बघायची. ज्या महिन्यात आपण नोंदच केली नाही तो महिना यादीत दिसला की समजायचं.

रिकाम्या गाडीचं वजन एकदाच घेऊन वर्षभर तेच वापरायची पद्धत आहे. पावसाळ्यात ती फसते. तळाशी चिखल आणि चिकटलेला कचरा राहतो, गाडी रिकामी असूनही जड भरते आणि तेवढं वजन कचऱ्याच्या खात्यात जातं. दर फेरीला रिकामी गाडी काट्यावर घेणं जमत नसेल तर निदान महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक गाडीचं नवं वजन घ्या.

दुसरी पायरी : महिन्याचा हिशेब

`Mahina` शीटमध्ये A2 मध्ये महिन्याची पहिली तारीख, A3 मध्ये `=EDATE(A2,1)`, आणि असं खाली. दिसण्यासाठी फॉरमॅट `mmm-yy` ठेवा, पण आत खरी तारीखच राहू द्या. "जुलै" असं हाताने लिहिलं तर पुढचं एकही सूत्र चालणार नाही.

B मध्ये महिन्याचे दिवस, C मध्ये झालेल्या फेऱ्या, D मध्ये वजन झालेल्या फेऱ्या, E मध्ये एकूण किलो. वॉर्ड क्रमांक `Fallak` शीटच्या B1 मधून येतो, म्हणजे तिथे क्रमांक बदलला की सगळं बदलतं.

```
B2: =DAY(EOMONTH(A2,0))
C2: =COUNTIFS(Nond!$B:$B,Fallak!$B$1,Nond!$A:$A,">="&$A2,Nond!$A:$A,"<"&EDATE($A2,1))
D2: =COUNTIFS(Nond!$B:$B,Fallak!$B$1,Nond!$A:$A,">="&$A2,Nond!$A:$A,"<"&EDATE($A2,1),Nond!$G:$G,">0")
E2: =SUMIFS(Nond!$G:$G,Nond!$B:$B,Fallak!$B$1,Nond!$A:$A,">="&$A2,Nond!$A:$A,"<"&EDATE($A2,1))
```

B स्तंभ किरकोळ वाटतो, पण फेब्रुवारी 28 दिवसांचा आणि मार्च 31 चा. नुसते एकूण टन लावले तर काहीच न बदलता मार्चमध्ये जवळजवळ अकरा टक्क्यांची वाढ दिसते. म्हणून फलकावर नेहमी रोजची सरासरी.

आता मुख्य दोन सूत्रं. F मध्ये वजन झालेल्या फेऱ्यांचं प्रमाण, G मध्ये रोजचे टन:

```
F2: =IF(C2=0,0,D2/C2)
G2: =IF(F2<0.7,NA(),E2/D2*C2/B2/1000)
```

G2 काय करतं ते माझ्या जुलैवरूनच बघू. जूनमध्ये 240 फेऱ्या झाल्या, 234 फेऱ्यांचं वजन झालं, एकूण 1,07,640 किलो. म्हणजे फेरीला सरासरी 460 किलो. त्याला 240 फेऱ्यांनी गुणलं आणि 30 दिवसांनी भागलं की रोज 3.68 टन येतात. जुलैत 248 फेऱ्या झाल्या. आठ दिवस काटा बंद, रोजच्या आठ फेऱ्या, म्हणून 64 फेऱ्या वजनाविना. राहिलेल्या 184 फेऱ्यांचं वजन 90,160 किलो, फेरीला 490. आधी मी हे 90,160 सरळ 31 ने भागले होते, म्हणून 2.91 आले. खरं तर 490 ला 248 ने गुणून 31 ने भागायला हवं होतं. उत्तर 3.92. कचरा एकोणीस टक्क्यांनी घटला नव्हता, साधारण साडेसहा टक्क्यांनी वाढला होता. पावसाळ्याला शोभेल असाच.

हा अंदाज आहे, वजन नव्हे, हे विसरू नका. वजन न झालेल्या फेऱ्या इतर फेऱ्यांसारख्याच होत्या असं आपण धरतो. काटा आठ दिवस सगळ्यांसाठीच बंद होता तर ते धरणं ठीक आहे. पण फक्त सुक्या कचऱ्याच्या गाड्या काटा चुकवून परस्पर जात असतील तर अंदाज फुगतो, कारण सुक्याची फेरी हलकी असते आणि आपण तिच्या जागी सरासरी वजन भरतो. तसा संशय असेल तर C, D आणि E ओल्यासाठी, सुक्यासाठी व `MIX` साठी वेगळे काढा आणि तिन्ही अंदाज नंतर मिळवा. सूत्रात `Nond!$D:$D,"OLA"` एवढीच एक अट वाढते.

वजन झालेल्या फेऱ्या सत्तर टक्क्यांच्या खाली गेल्या तर मी आकडा देतच नाही, `NA()` टाकते. सत्तर ते नव्वदमध्ये आकडा देते आणि शेजारी "अंदाज" लिहिते. ही सीमा माझी आहे, तुमच्या साहेबांशी बोलून बदला. पण सीमा असू द्या.

तिसरी पायरी : घरं वेगळा कचरा देतात का

2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करायला सांगितले. गाडीवरचा भोंगा आपल्याकडे मराठीत ओला-सुका सांगतो आणि कन्नडात 'हसि कस, ओण कस'. ऐकलं किती जणांनी, हे मोजायचं कसं?

सोपा वाटणारा मार्ग म्हणजे `OLA` आणि `SUKA` चं वजन मिळवून एकूण वजनाने भागणं. मी तो सोडून दिला. प्रकार कोण लिहितं? ड्रायव्हर. आणि मिसळलेला कचरा आणल्याबद्दल त्यालाच बोलणी बसतात. तीन महिन्यांत `MIX` लिहिणं जवळजवळ बंद झालं आणि आमचं वर्गीकरण कागदावर नव्वदच्या वर गेलं. गाडीचं झाकण उघडून बघितलं तर ओल्या कप्प्यात दुधाच्या पिशव्या होत्या.

म्हणून घरोघरची पाहणी. आठवड्याला शंभर घरं. गाडीबरोबर सकाळी चालत जायचं आणि दोन वेगळ्या बादल्या किंवा पिशव्या देणारी घरं मोजायची. `Pahani` शीटमध्ये तारीख, वॉर्ड, गल्ली, पाहिलेली घरं आणि वेगळा देणारी घरं असे पाच स्तंभ. गल्ली माणसाने निवडली तर तो चांगलीच गल्ली निवडतो, हे मी माझ्यावरून सांगते. वॉर्डातल्या गल्ल्यांना क्रमांक द्या आणि आदल्या संध्याकाळी `=RANDBETWEEN(1,24)` टाकून जो क्रमांक येईल ती गल्ली घ्या. शीट पुन्हा हलली की आकडा बदलतो, म्हणून आलेला क्रमांक लगेच कागदावर उतरवा.

`Mahina` मध्ये H आणि I मध्ये `Pahani` च्या शेवटच्या दोन स्तंभांच्या महिनाभराच्या बेरजा वरच्यासारख्याच `SUMIFS` ने घ्या, J मध्ये `=IF(H2=0,NA(),I2/H2)`.

जूनमध्ये 400 पैकी 208 घरं निघाली, म्हणजे 52 टक्के. जुलैत 196, म्हणजे 49. घसरलं का? सांगता येत नाही. चारशे घरांच्या पाहणीत आकडा नशिबानेच पाचेक टक्के इकडेतिकडे होतो. एकट्या आठवड्याच्या शंभर घरांत तर दहा टक्के. तेव्हा तीन टक्क्यांसाठी मुकादमाला बोलावून घेऊ नका आणि तीन टक्के वाढले म्हणून पेढेही वाटू नका. सलग तीन महिने एकाच दिशेने गेलं तर मग बघा.

तक्रारींचं फारसं सांगण्यासारखं नाही. आणखी एका शीटमध्ये आलेली तारीख आणि मिटलेली तारीख ठेवा, दोन दिवसांत मिटलेल्यांचं प्रमाण काढा. तक्रारींच्या संख्येला लक्ष्य लावू नका. संख्या कमी करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे फोन न उचलणं.

चौथी पायरी : लक्ष्य

लक्ष्याचा आकडा सूत्रात किंवा आलेखात हाताने लिहायचा नाही. `Lakshya` शीटमध्ये A स्तंभात ते कधीपासून लागू ती तारीख आणि B मध्ये लक्ष्य. एप्रिल ते मार्च हे आपलं वर्ष, म्हणून दर तिमाहीला एक ओळ पुरते: एप्रिलला 0.50, जुलैला 0.55, ऑक्टोबरला 0.60, जानेवारीला 0.65. तारखा चढत्या क्रमानेच हव्यात. मग `Mahina` च्या K मध्ये:

```
=LOOKUP(A2,Lakshya!A$2:A$20,Lakshya!B$2:B$20)
```

यामुळे ऑक्टोबरात लक्ष्य वाढलं तरी जूनचं निकालपत्र बदलत नाही. आधी मी लक्ष्य एकाच कोठ्यात ठेवलं होतं. ते वाढवलं आणि मागचे सगळे महिने एका रात्रीत नापास झाले. यादीतल्या पहिल्या तारखेच्या आधीच्या महिन्यांना मात्र हे सूत्र `#N/A` देतं. तेव्हा लक्ष्य नव्हतंच, म्हणून ते तसंच बरोबर आहे.

नियमाप्रमाणे सगळ्याच घरांनी वेगळा कचरा द्यायला हवा, मग लक्ष्य शंभर का नाही, असं आमच्या एका नगरसेवकांनी विचारलं होतं. पन्नासवर असलेल्या वॉर्डाला शंभरची रेघ दाखवली की तो दर महिन्याला "मागे" असतो आणि चौथ्या महिन्यापासून त्या रेघेकडे कुणी बघत नाही. पहिले तीन महिने नुसतं मोजा, त्यांची सरासरी हा पाया धरा आणि तिमाहीला पाच टक्क्यांची पायरी ठेवा. पाहणीतली चूकच पाच टक्क्यांची आहे, त्याहून लहान पायरी दिसणारही नाही.

रोजच्या टनांना मी लक्ष्य लावत नाही. वजन वाढलं याचा अर्थ लोक जास्त कचरा करतात असा होतो, तसाच पूर्वी नाल्यात जाणारा कचरा आता गाडीत येतो असाही होतो. त्या आकड्याशेजारी गेल्या वर्षीचा तोच महिना ठेवा. आता तिथेही एक मेख आहे. गणेशचतुर्थी 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती आणि 2025 मध्ये 27 ऑगस्टला. म्हणजे 2025 च्या ऑगस्टअखेरीस सणाच्या पहिल्या दिवसांचा कचरा आला, जो आदल्या वर्षी पूर्ण सप्टेंबरात होता. आपल्याकडे सणाचे हे दिवस कचऱ्यासाठी साधे नसतात. निर्माल्य, केळीचे खुंट, पत्रावळ्या, मंडपातला सगळा पसारा. म्हणून `Mahina` मध्ये शेवटी शेऱ्याचा एक स्तंभ ठेवा आणि "गणपती 27 पासून", "काटा 8 दिवस बंद" असं चार शब्दांत लिहून टाका. दोन वर्षांनी हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

पाचवी पायरी : फलक आणि आलेख

`Fallak` मध्ये B1 ला वॉर्ड, B2 ला महिना. दोन्ही यादीतून निवडायचे, महिन्याची यादी `Mahina!A2:A40` वरून. खाली चार ओळी: B मध्ये या महिन्याचा आकडा, C मध्ये लक्ष्य किंवा गेल्या वर्षीचा महिना, D मध्ये निकाल. आकडा असा आणा:

```
=INDEX(Mahina!$J:$J,MATCH($B$2,Mahina!$A:$A,0))
```

वेगळा कचरा देणाऱ्या घरांची ओळ सातवी असेल तर D7 मध्ये:

```
=IF(B7>=C7,"गाठलं",IF(B7>=C7-0.05,"जवळ","मागे"))
```

लाल-हिरवे रंग हवे तर द्या, पण हे शब्द काढू नका. बैठकीला फलक झेरॉक्स होऊन जातो आणि झेरॉक्समध्ये लाल आणि हिरवा दोन्ही एकच करडे. कन्नड वाचणाऱ्या साहेबांसाठी मी E स्तंभात तोच निकाल कन्नडात देते. निर्मला यूआय या फॉन्टमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत, सगळ्या फलकाला तो एकच लावा, म्हणजे दुसऱ्या संगणकावर चौकोन येत नाहीत.

आलेखासाठी खाली तेरा ओळींचा छोटा तक्ता: A20 मध्ये `=EDATE($B$2,-12)`, A21 मध्ये `=EDATE(A20,1)`, असं A32 पर्यंत. तेरा महिने का, तर या वर्षीचा जुलै आणि गेल्या वर्षीचा जुलै ही दोन टोकं एकाच चित्रात येतात. शेजारच्या स्तंभांत वरच्याच पद्धतीने रोजचे टन, वेगळा कचरा आणि लक्ष्य, फक्त `$B$2` च्या जागी `$A20` घ्या.

दोन आलेख पुरतात. रोजच्या टनांसाठी उभे स्तंभ. `NA()` असलेल्या महिन्याची जागा मोकळी राहते, आणि ती मोकळी जागाच बोलते. रेषेचा आलेख घेतला तर एक्सेलच्या बऱ्याच आवृत्त्या अलीकडचा आणि पलीकडचा महिना सरळ जोडून टाकतात, आणि काटा बंद असलेला महिनाही नीट गेल्यासारखा दिसतो. दुसरा आलेख वेगळ्या कचऱ्याचा, हा रेषेचा. लक्ष्याची रेघ तुटक द्या आणि उभ्या अक्षाची सुरुवात 0 वर, शेवट 1 वर पक्का करा. ते केलं नाही तर शीट स्वतःच अक्ष 48 ते 53 वगैरे ठरवते आणि 52 वरून 49 वर येणं आंबोली घाट उतरल्यासारखं दिसतं. वर्तुळाचे आलेख आणि गाडीच्या मीटरसारखे काटे मी करून बघितले. दिसतात छान, पण मागचा महिना त्यांत दिसत नाही.

शेवटी पान ए-फोर आडवं, एका पानावर बसेल असं. तळाला वजन झालेल्या फेऱ्यांचं प्रमाण आणि फाइल बंद केल्याची तारीख छापली जाऊ दे. उशिरा आलेल्या पावत्यांसाठी मी पाच तारखेपर्यंत थांबते, मग पीडीएफ काढून ठेवते आणि त्या महिन्याच्या ओळींना हात लावत नाही. त्यानंतर आलेली पावती `Nond` मध्ये भरायचीच असेल तर शेऱ्यात "उशिरा" लिहायचं, म्हणजे पीडीएफ आणि शीट का जुळत नाहीत ते कळतं.

ऑगस्टच्या पाच तारखेला जुलैचा नवा फलक साहेबांपुढे ठेवला. 3.92 च्या शेजारी "अंदाज", खाली 74 टक्के. त्यांनी टनांकडे बघितलंच नाही. 74 भोवती पेनाने गोल केला आणि काट्याच्या दुरुस्तीचा कागद कुठे अडकलाय ते विचारायला फोन उचलला.